तुकोबांचं विमान आणि यंत्राचं विमान

तुकोबा विमानात बसून वैकुंठाला गेले, हे महाराष्ट्रात शाळेची पायरी न चढलेल्यालाही ठाऊक असतं. दामले-फत्तेलाल यांनी प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये 1936 साली ते पडद्यावर दाखवलं. गरुडाच्या रूपातलं वाहन येतं आणि विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा त्यावर बसून वर जातात. ज्यांनी तो चित्रपट पाहिलाय, त्यांना तो शेवट विसरता येत नाही.

आता समजा, कुणाला जुन्या चित्रपटांतली अशी सगळी आकाशगमनं एकत्र पाहायची आहेत. कुणी माहितीपट करतंय, कुणी ट्रिक सीनचा इतिहास लिहितंय. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे जाऊन विचारायचं तरी काय? चित्रपटाच्या नोंदीत नाव असतं, साल असतं, दिग्दर्शक, कलावंत, गाणी, रिळांची संख्या असते. ‘एक माणूस पक्ष्यावर बसून वर जातो’ हे सहसा कुठल्याच नोंदीत नसतं. ते लिहायचं तर कुणीतरी प्रत्येक चित्रपट थांबवत थांबवत पाहायला हवा आणि प्रसंगागणिक टिपण करायला हवं. दोन तासांच्या चित्रपटाचं असं टिपण करण्यात सहज एक-दोन दिवस जातात. म्हणून बहुतेक ठिकाणी हा शोध माणसाच्या आठवणीवर चालतो. आयुष्यभर चित्रपट पाहिलेला एखादा जाणकार ‘अरे, ते त्या अमक्या चित्रपटात आहे बघ’ म्हणतो. तो निवृत्त झाला की ती नोंदवहीही त्याच्याबरोबर घरी जाते.

गेल्या काही वर्षांत यावर एक नवा मार्ग निघाला आहे. दृश्याचं वर्णन शब्दांत टाइप करायचं आणि यंत्राने त्याच्याशी जुळणाऱ्या चौकटी काढून द्यायच्या. त्या चौकटींना आधी कुणी नाव दिलेलं नसलं तरी चालतं. पण याच यंत्राला आपण सरळ ‘तुकाराम विमानात बसून वैकुंठाला जातात’ असं सांगितलं, तर गाडी रुळावरून घसरते. ती का घसरते हे पाहिलं की यंत्र काय करतं तेही कळतं.

चित्राला पत्ता, वाक्यालाही पत्ता

ओपनएआय या कंपनीने जानेवारी 2021 मध्ये ‘क्लिप’ नावाचं मॉडेल जाहीर केलं. त्याचे दोन भाग आहेत. एकात चित्र घालायचं, दुसऱ्यात वाक्य. दोन्हींकडून आकड्यांची एक रांग बाहेर पडते. त्याच्या एका प्रचलित आवृत्तीत ही रांग 512 आकड्यांची असते. ही रांग म्हणजे पत्ता समजा. चित्राचा पत्ता आणि वाक्याचा पत्ता एकाच गावातले असतात, त्यामुळे कोण कुणाच्या जवळ राहतं हे मोजता येतं. तंत्राच्या भाषेत या पत्त्याला एम्बेडिंग म्हणतात.

दोन पत्ते जवळ आहेत का, हे काढायचा हिशोब चौथीच्या मुलालाही जमेल. समोरासमोरचे आकडे गुणायचे आणि गुणाकारांची बेरीज करायची. 512 ऐवजी तीनच आकडे घेऊन बघू. वाक्याचा पत्ता 0.6, 0.8, 0 आहे. पहिल्या चौकटीचा 0.8, 0.6, 0 आणि दुसरीचा 0, 0.6, 0.8. पहिलीची बेरीज 0.48 अधिक 0.48 अधिक 0, म्हणजे 0.96. दुसरीची नुसती 0.48. वाक्याला पहिली चौकट जवळची आहे, ती यादीत वर जाईल. शोध म्हणजे इतकंच.

प्रश्न उरतो तो हे पत्ते कोण ठरवतं याचा. मंगल कार्यालयाबाहेर चपलांचा ढीग डोळ्यांसमोर आणा. क्लिपला शिकवताना इंटरनेटवरून 40 कोटी चित्रं आणि त्यांच्यासोबतचा मजकूर गोळा केला होता. त्यातल्या एका वेळी 32,768 जोड्या घ्यायच्या, डाव्या-उजव्या चपलांसारख्या विस्कटायच्या आणि यंत्राला सांगायचं, लाव जोड्या. प्रत्येक चित्राची प्रत्येक मजकुराशी तुलना होते, म्हणजे एका फेरीत सुमारे 107 कोटी तुलना. खऱ्या जोडीचे पत्ते थोडे जवळ सरकवायचे, चुकीच्या जोड्यांचे लांब ढकलायचे आणि पुढचा ढीग घ्यायचा. यंत्राला कुणी ‘हा घोडा, ही गाय’ असं बोट धरून शिकवत नाही. लोकांनी आपापल्या चित्रांखाली जे लिहिलं, त्यातून पत्ते आपोआप घडत जातात.

याचा परिणाम पुढे प्रत्येक वळणावर दिसतो. यंत्राला तेच ठाऊक आहे, जे लोकांनी चित्राखाली लिहिलं होतं, आणि ते बहुतांशी इंग्रजीत लिहिलं होतं.

131 मिनिटांचे 7,860 पत्ते

आता ‘संत तुकाराम’ यंत्रावर चढवू. चित्रपट 131 मिनिटांचा आहे. सेकंदाला 24 या हिशोबाने 1,88,640 चौकटी होतात. त्या सगळ्या घेण्यात अर्थ नाही, कारण लागोपाठच्या दोन चौकटींत फरक नसल्यासारखाच असतो. सेकंदाला एक घेतली तर 7,860 उरतात. प्रत्येकीचे 512 आकडे, प्रत्येक आकड्याला चार बाइट, असा हिशोब केला तर अख्ख्या चित्रपटाचे पत्ते 16 एमबीत मावतात. फोनमधल्या चार-पाच फोटोंना लागते तेवढीच जागा. साध्या संगणकावरही हा शोध डोळ्याचं पातं लवायच्या आत होतो. वेळ लागतो तो पत्ते तयार करायला, आणि ते काम एकदाच करायचं असतं.

याहून नीट पद्धत म्हणजे आधी चित्रपटाचे शॉट वेगळे करायचे आणि प्रत्येक शॉटमधून दोन-तीन चौकटी घ्यायच्या. एका शॉटमधून दुसऱ्यात उडी मारली की चित्रातल्या उजेड-अंधाराची वाटणी एकदम बदलते. ही उडी संगणक ओळखतो. जुन्या चित्रपटांत मात्र तो फसतो. प्रिंट लुकलुकत असेल, मध्येच पांढरा ओरखडा चमकून गेला असेल, तर कट नसताना त्याला कट दिसतो. उलट एक दृश्य विरघळत दुसरं उगवतं, तिथे उडीच नसते, म्हणून खरा सांधा त्याच्या नजरेतून निसटतो. चमत्काराची दृश्यं तर अनेकदा अशा विरघळण्यातच असतात. तेव्हा कापलेल्या शॉटची यादी एकदा डोळ्यांखालून घालावी लागते. एका सेकंदात चार-चार शॉट दिसले की समजायचं, तिथे प्रिंट खराब आहे.

पत्ता काढण्यापूर्वी चौकटीचं काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. या आवृत्तीत चित्र 224 बाय 224 ठिपक्यांच्या चौरसात बसवलं जातं. आधी उंची 224 करतात आणि मग डाव्या-उजव्या कडा छाटून मधला चौरस ठेवतात. 1936 च्या चित्रपटाची चौकट साधारण चारास तीन, म्हणजे रुंदीचा चौथा हिस्सा गेला. ‘कागज़ के फूल’सारख्या सिनेमास्कोप चित्रपटात तर निम्म्याहून जास्त रुंदी जाते. कडेला उभं राहून सगळं बघणारं पात्र यंत्राच्या लेखी तिथे नसतंच. उरलेल्या चौरसाचे मग 49 तुकडे होतात, 32 बाय 32 ठिपक्यांचे. कीर्तनाच्या गर्दीतला एखादा चेहरा अशा एका तुकड्यात सहज संपतो. गळ्यातली तुळशीची माळ सापडण्याची आशा सोडलेली बरी.

कडा वाचवायच्या असतील तर एका चौकटीचे डावा, मधला आणि उजवा असे तीन चौरस घ्यायचे आणि तिघांचे पत्ते ठेवायचे. साठा तिप्पट होतो, पण 16 चे 48 एमबी झाले म्हणून कुणाचं काही अडत नाही.

मराठीत विचारलं तर

मूळ क्लिपला मराठी येत नाही म्हटलं तरी चालेल. त्याच्यासाठी देवनागरी शब्द म्हणजे बाइटांचे तुकडे आणि त्या तुकड्यांशी जोडलेली चित्रं त्याने फारशी पाहिलेली नाहीत. म्हणून पुढे काही जणांनी वेगळी युक्ती केली. `clip-ViT-B-32-multilingual-v1` या नावाचं खुलं मॉडेल त्यातलंच आहे. पन्नासहून अधिक भाषांच्या त्याच्या यादीत मराठी आहे.

युक्ती अशी की चित्रांच्या भागाला हातच लावायचा नाही. फक्त वाक्यांसाठी नवा विद्यार्थी तयार करायचा. इंग्रजी वाक्य आणि त्याचा मराठी अनुवाद अशा जोड्या घ्यायच्या. जुना शिक्षक इंग्रजी वाक्याला जो पत्ता देतो, तोच पत्ता मराठी वाक्याला द्यायला विद्यार्थ्याला शिकवायचं. पत्ता जुळला की चित्रंही आपोआप जुळतात.

सोय चांगली आहे, पण तिची किंमत आहे. मराठी वाक्य चित्रापर्यंत पोचतं ते इंग्रजीच्या दारातून. त्या दारात पगडी, फेटा, मुंडासं आणि पटका हे सगळे डोक्याला गुंडाळलेलं कापड म्हणून एकाच रांगेत उभे राहतात. नऊवारी आणि सहावारीतला फरक पुसट होतो. ‘तुळशीवृंदावन’ या शब्दाला तिकडे तयार प्रतिशब्दच नाही, म्हणून त्याचा पत्ता कुठेतरी भलत्याच आळीत लागायचा. ‘जातं’ लिहिलं तर यंत्राने ते दळायचं जातं समजावं की ‘ते घरी जातं-येतं’मधलं? आजूबाजूला दळणाऱ्या बाईचा आणि पिठाचा उल्लेख असला, तर वाट चुकण्याची शक्यता कमी होते.

आणि विमान. संतांच्या भाषेत विमान म्हणजे देवाचं वाहन. आजच्या मराठीत विमान म्हणजे मुंबईहून दिल्लीला जातं ते. विद्यार्थ्याने ज्या अनुवादांवर अभ्यास केला, त्यांत दुसराच अर्थ जास्त असणार. ‘वैकुंठ’ या शब्दाला दिसणारं रूप नाही. ‘तुकाराम’ हे नाव, आणि चौकटीत दिसतोय तो एक दाढीवाला वारकरी. आपल्या वाक्यातले तीन मुख्य शब्द, आणि तिघांपैकी एकही पडद्यावर नाही.

गंमत अशी की एकट्या ‘संत तुकाराम’मध्ये शोधलं तर हे वाक्यही कदाचित पास होईल. त्या चित्रपटात खरं विमान कुठेच नाही, मग पंख आणि आकाश असलेली चौकटच त्यातल्या त्यात जवळची ठरेल. आपण खूश होऊ आणि यंत्राला तुकोबा समजले असं मानू. हाच शोध हजार चित्रपटांच्या साठ्यात लावला, की विमानतळावर निरोप देणारे नायक, धावपट्ट्या आणि युद्धपट यांच्या गर्दीत गरुड कुठल्या कुठे खाली जाईल. थोड्या चित्रपटांवर जमलेली गोष्ट मोठ्या साठ्यावर का बिघडते, याचं कारण बरेचदा असंच असतं. उत्तर बरोबर होतं, पण चुकीच्या कारणाने.

गोष्ट नको, दिसतं ते सांगा

यावर उपाय म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याने गोष्ट बाजूला ठेवायची आणि आवाज बंद करून, चित्रपटाचं नावही माहीत नसल्यासारखं एकाच चौकटीकडे बघायचं. काय दिसतं? ‘मोठे पंख पसरलेल्या पक्ष्यावर बसलेला माणूस, मागे ढग.’ दुसरं वाक्य: ‘नदीकाठी हात जोडून वर पाहणारी गर्दी.’ दोन्ही वाक्यांचे शोध वेगवेगळे लावायचे. मग पहिल्याची चौकट आणि दुसऱ्याची चौकट एकाच चित्रपटात थोड्या सेकंदांच्या अंतरावर आली का, ते पाहायचं. अशी जुळणी हजार चित्रपटांतून फार थोड्या ठिकाणी होईल आणि त्या जागा हाताने तपासता येतील.

सगळं एकाच लांब वाक्यात कोंबायचा मोह टाळावा. मूळ क्लिपमध्ये 77 तुकड्यांपुढचं वाक्य मावतच नाही. त्याच्या आतही वर्णन जितकं लांब, तितका प्रत्येक तपशिलाचा वाटा पातळ होतो. भेळेत दहा जिन्नस घातले की त्यातल्या कैरीची चव लागत नाही, तसं.

आणखी एक युक्ती शोधणाऱ्याच्या फार उपयोगी पडते. एक चांगली चौकट सापडली की शब्द सोडून द्यायचे आणि त्या चौकटीचाच पत्ता घेऊन ‘हिच्यासारख्या अजून दाखव’ म्हणायचं. शब्द इंग्रजीच्या दारातून वळसा घेत येतात, चित्र मात्र चित्राला थेट भेटतं. कृष्णधवल रंग, रंगवलेला ढगांचा पडदा, स्टुडिओतला उजेड, हे कुणी शब्दांत मांडलं नसतं, पण पत्त्यात ते असतं. नऊवारीचंही तसंच. शब्दाने ती नीट सापडली नाही, तर नऊवारीतल्या दहा-बारा चौकटी हाताने निवडायच्या, त्यांच्या पत्त्यांची सरासरी काढायची आणि तिलाच प्रश्न म्हणून वापरायचं.

काही गोष्टी मात्र वाक्य कितीही घासूनपुसून दिलं तरी जमत नाहीत. ‘पगडी नसलेला माणूस’ मागितला की पगडीवालेच पुढे येतात, कारण वाक्यात पगडी आहे आणि ‘नसलेला’ या शब्दाला चित्रांच्या मजकुरात फारसं काम नव्हतं. कोण कुणाला काय करतं, इथेही यंत्र अडखळतं. ‘आई मुलाला मारते’ आणि ‘मुलगा आईला मारतो’ या दोन वाक्यांचे पत्ते शेजारी-शेजारी असतात, कारण आई, मुलगा आणि मार दोन्हींत आहेत. 2022 मध्ये ‘विनोग्राउंड’ नावाची चाचणी खास यासाठी तयार झाली. शब्द तेच, क्रम वेगळा, आणि त्यानुसार चित्र वेगळं, असे 400 संच तिच्यात आहेत. त्या वेळच्या मॉडेलांची कामगिरी नाणं उडवून उत्तर दिल्यासारखीच होती.

चौकट थांबलेली असते, ही आणखी एक अडचण. आकाशात पक्षी आहे. तो तुकोबांना न्यायला येतोय की घेऊन जातोय, हे एका चौकटीवरून देवालाही सांगता येणार नाही. शॉटमधल्या अनेक चौकटी एकत्र वाचणारी मॉडेलं आहेत, ती हालचालीचं थोडंफार ओळखतात, पण त्यांना संगणक मोठा लागतो. शिवाय हे सगळं यंत्र बहिरं आहे. अभंगावर उभा असलेला हा चित्रपट त्याच्यासाठी संपूर्ण मूकपट आहे.

खऱ्या मूकपटांची कथा तर वेगळीच. त्यांत मध्येमध्ये मजकुराच्या पाट्या असतात. क्लिपला चित्रातली इंग्रजी अक्षरं वाचायची सवय लागलेली आहे. ओपनएआयच्या संशोधकांनीच 2021 मध्ये दाखवलं की सफरचंदावर ‘आयपॉड’ लिहिलेली चिठ्ठी चिकटवली तर ते त्याला आयपॉड म्हणतं. म्हणून इंग्रजी पाट्या असलेल्या मूकपटात ‘राजा’ मागितला की राजाऐवजी, राजाचा उल्लेख असलेली पाटी वर येऊ शकते. पाट्यांच्या चौकटी आधीच बाजूला काढून त्यांची वेगळी यादी केलेली बरी. ती तशीही उपयोगाची असते.

नाही म्हणता न येणारा कारकून

हे यंत्र वापरणाऱ्याने एक गोष्ट पहिल्याच दिवशी करून पाहावी. ‘संत तुकाराम’मध्ये ‘मोटारसायकल’ शोधावी. देहूत मोटारसायकल नाही, तरीही यंत्र दहा चौकटी काढून देईल, पहिल्या नंबरापासून दहाव्यापर्यंत शिस्तीत. त्याला क्रम लावता येतो, ‘नाही’ म्हणता येत नाही.

मग गुण बघून ठरवावं का? इथेही सावध राहावं लागतं. आपल्या उदाहरणात 0.96 आलं, पण क्लिपमध्ये वाक्य आणि त्याचं अगदी बरोबर चित्र यांचा गुण बहुधा 0.3 च्या आसपास असतो आणि चुकीच्या चित्राचा 0.2 च्या आसपास. चित्रांचे पत्ते गावाच्या एका पेठेत आणि वाक्यांचे दुसऱ्या पेठेत गोळा झालेले असतात, म्हणून दोघांमध्ये नेहमीच अंतर राहतं. 0.3 म्हणजे तीस टक्के खात्री, असा अर्थ काढायचा नाही. मोटारसायकलचा पहिला गुण टिपून ठेवायचा. मग अशीच आणखी पाच-सहा अशक्य वर्णनं टाकायची, बर्फावर घसरणारा माणूस, पोहण्याचा तलाव वगैरे. त्यांचे गुण जिथपर्यंत जातात, तो या साठ्याचा जमिनीचा भाव. आपल्या खऱ्या प्रश्नाचा पहिला गुण त्याच्याच आसपास असेल, तर जे हवं ते बहुधा तिथे नाही, किंवा वर्णन चुकलंय.

दुसरी तपासणी ज्याला चित्रपट पाठ आहे त्याने करायची. त्याने तीस प्रसंग निवडावेत आणि त्यांची वेळ लिहून ठेवावी. वर्णन मात्र दुसऱ्याने लिहावं, आणि तेही आधी मराठीत, मग इंग्रजीत. तीसपैकी किती प्रसंग पहिल्या दहांत आले, ते मोजावं. मराठीत समजा 14 आले आणि इंग्रजीत 22, तर मधले आठ प्रसंग काढून बघावेत. आठही चुकांमागे कुठला तरी मराठी शब्द सापडेल, तुळशीवृंदावन, जातं, विमान. ती यादी म्हणजे त्या साठ्याचा छोटा शब्दकोश. पुढच्या वेळी कुणी ‘तुळशीवृंदावन’ टाइप केलं, की मागच्या मागे ‘अंगणातला चौकोनी दगडी ओटा, त्यावर रोप’ असं वाक्य जोडायची व्यवस्था करता येते.

असा शोध लावून चौकट सापडली, की काम संपत नाही. संग्रहातल्या माणसाने तो प्रसंग पाहायचा आणि नोंदीत दोन ओळी लिहायच्या. पहिली ओळ: ‘मोठ्या पक्ष्यावर बसलेला माणूस, मागे ढग.’ ही यंत्रालाही देता आली असती. दुसरी ओळ: ‘तुकोबांचं सदेह वैकुंठगमन.’ ही चौकटीत कुठेही दिसत नाही, ती लिहिणाऱ्याला ठाऊक असते म्हणूनच नोंदीत उतरते. उद्या कुणी ‘विमान’ असं टाइप करील, तेव्हा यंत्र पंख शोधत बसेल, आणि ही दुसरी ओळ त्याला सांगेल की हेच ते विमान.